पाकिटावर 'एक्स ग्रेशिया' लिहिलं, म्हणून बोनस बुडत नाही

प्रश्न: "बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत मशीनचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सात वर्षं आहे. आम्ही साठेक जण आहोत. एकूण पगार २५,००० (बेसिक ११,५००, डीए ३,०००, घरभाडं ५,०००, कन्व्हेयन्स २,५००, स्पेशल अलाउन्स ३,०००). दिवाळी २०२५ ला ९,००० चं पाकीट मिळालं, वर 'एक्स ग्रेशिया' लिहिलेलं. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, तुझा पगार २१,००० च्या वर, तुला बोनस लागूच नाही, हे शेठनी खुशीने दिलंय, आणि कंपनी तोट्यात आहे. माझा मित्र ऑगस्टमध्ये सोडून गेला, त्याला तर काहीच नाही. आमचा हक्क आहे का?"

नमस्कार. बडोद्यातल्याच कारखान्यांत अठ्ठावीस वर्षं पर्सोनेल आणि पगारपत्रकाचं काम केलं आहे, त्यातली बरीचशी मकरपुऱ्यात. तुमच्या ऑफिसने एका दमात तीन कारणं दिली आहेत. माझ्या मते त्यातलं एकही तुम्हाला लागू पडत नाही. पण ते का, हे नीट कळलं तरच तुम्हाला पुढे बोलता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे दिवाळीला दोन वेगळ्या गोष्टी एकाच पाकिटात येतात. गुजराती शेजारी जिला बोणी म्हणतात आणि आपण दिवाळीची पोस्त म्हणतो, ती देणाऱ्याच्या मनावर असते. त्याने दिली तर आनंद, नाही दिली तर आपण दार ठोठावू शकत नाही. एक्स ग्रेशिया, म्हणजे सानुग्रह रक्कम, मुळात या जातीची. बोनसचं तसं नाही. १९६५ च्या बोनस कायद्याने तो वेतनाशी बांधला आहे आणि तो मालकाचं देणं आहे. कायद्याच्या पुस्तकात दिवाळी नाहीच. तिथे एवढंच लिहिलं आहे की हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत बोनस द्यायचा. वर्ष ३१ मार्चला संपतं, आठ महिने ३० नोव्हेंबरला भरतात, आणि दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. म्हणून सगळे दिवाळीला वाटतात, आणि म्हणूनच पोस्त कुठली आणि देणं कुठलं याची सरमिसळ होते.

आता पहिलं कारण, २१,००० चं. जास्तीत जास्त लोक फसतात ते इथेच. ऑफिसातले लोकही फसतात, नेहमी लबाडीनेच बोलतात असं नाही. ही मर्यादा एकूण पगारावर नाही. बोनस कायद्यात 'वेतन' म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता. घरभाडं, प्रवास आणि इतर भत्ते त्यात धरत नाहीत, ओव्हरटाइमही नाही. तुमच्या आकड्यांत ते वेतन ११,५०० अधिक ३,०००, म्हणजे १४,५०० होतं. २१,००० पासून तुम्ही बरेच लांब आहात. पंचवीस हजार पगार असलेला माणूस बोनसच्या बाहेर आहे, हे तुमच्या बाबतीत साफ चुकीचं आहे. ज्याचं बेसिक आणि डीए मिळूनच २१,००० च्या पुढे जातं, त्याला मात्र कायद्याने बोनस मागता येत नाही. अशा माणसाला कंपनीने दिवाळीला काही दिलं, तर त्याला एक्स ग्रेशिया म्हणणं अगदी योग्य आहे. सुपरवायझर, इंजिनिअर, अकाउंट्सचे साहेब यांच्या पाकिटावर तो शब्द खरा असतो. तुमच्या पाकिटावर तो कसा आला, हा प्रश्न आहे. माझा अंदाज असा की ऑफिसने सगळ्यांसाठी एकच शिक्का केला.

पात्रतेच्या बाकी अटी सोप्या आहेत. कारखाना असेल तर कायदा लागूच असतो, इतर आस्थापनांत वीस किंवा जास्त माणसं हवीत, आणि तुम्ही तर साठ आहात. त्या वर्षात किमान तीस दिवस काम केलेलं हवं. कायम असण्याची अट नाही, प्रोबेशनवरच्या माणसालाही बोनस लागतो. अ‍ॅप्रेंटिस मात्र बाहेर. आणि बोनसला अपात्र ठरवायचं, तर फसवणूक, कामाच्या जागी हिंसक वर्तन, किंवा कंपनीच्या मालाची चोरी, अफरातफर वा मोडतोड, यापैकी काहीतरी कारणाने नोकरीवरून काढलेलं असावं लागतं. उशिरा येणं, साहेबांशी वाद, राजीनामा, यांनी बोनस जात नाही.

तोट्याचं कारणही असंच आहे. कायद्यातला किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा भाग. नफा असो वा तोटा, तो द्यावाच लागतो. नफा किती झाला याचा हिशेब ८.३३ ते २० टक्के यांच्या मधल्या जागेसाठी असतो. एक अपवाद आहे. कारखाना नवा असेल, तर माल विकायला लागल्यापासूनच्या पहिल्या पाच वर्षांत, ज्या वर्षी नफा झाला त्याच वर्षाचा बोनस लागतो. तुम्ही स्वतः तिथे सात वर्षं आहात, म्हणजे ती सवलत कधीच संपली. तोट्यात हात आखडता घ्यायची मुभा मालकाला एक्स ग्रेशियाबाबत आहे, किमान बोनसबाबत नाही.

आता रकमेकडे येऊ. २०१५ च्या दुरुस्तीत दोन आकडे बदलले. पात्रतेची मर्यादा १०,००० वरून २१,००० झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा बदल फार कमी लोकांनी नीट वाचला. बोनस काढताना पूर्वी वेतन जास्तीत जास्त ३,५०० धरायचे. दुरुस्तीनंतर ते ७,००० किंवा त्या कामाचं सरकारने ठरवलेलं किमान वेतन, यातलं जे जास्त असेल ते झालं. ही 'जे जास्त असेल ते' शब्दांची शेपटी कित्येक पगारपत्रकांत गळून पडते आणि हिशेब ७,००० वर थांबतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. दुरुस्ती राजपत्रात आली १ जानेवारी २०१६ ला. मी तेव्हा ज्या कारखान्यात होतो, तिथे आम्ही त्या वर्षीचा बोनस सरसकट ७,००० वरच काढला होता. टर्नर खात्यातल्या एका जुन्या कामगाराने किमान वेतनाचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "साहेब, हा आकडा सातपेक्षा मोठा नाही का?" मी तो कागद आणि कायद्याचं कलम शेजारी ठेवून वाचलं, आणि चूक आमची होती. दीडशे जणांचा फरक नंतर द्यावा लागला. तेव्हापासून बोनसचा कुठलाही हिशेब हातात आला की मी आधी तो आकडा बघतो.

तुमचा हिशेब मांडतो. २०२४-२५ हे वर्ष धरू, कारण दिवाळी २०२५ ला त्याच वर्षाचा बोनस असतो. गुजरातेत किमान वेतनातला विशेष भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो, म्हणून खरा हिशेब सहा-सहा महिन्यांचा वेगळा करायचा असतो. तुमच्या श्रेणीचा नेमका आकडा तुम्हाला शोधावा लागेल. इथे समजायला सोपं म्हणून वर्षभर महिना १३,००० धरतो. तुमचं वेतन १४,५००, ते या १३,००० च्या वर आहे, म्हणून बोनस १३,००० वर निघेल. तेरा हजार गुणिले बारा, १,५६,०००. त्याचे ८.३३ टक्के, १२,९९५ रुपये.

हाच हिशेब ७,००० वर केला, तर वर्षाचे ८४,००० आणि बोनस ६,९९७ येतो. आता तुमचं पाकीट आठवा, ९,०००. ऑफिसला कदाचित प्रामाणिकपणे वाटत असेल की आपण सात हजारांच्या जागी नऊ हजार दिले, म्हणजे कायद्यापेक्षा जास्तच दिलं. पण योग्य हिशेबाने ते पाकीट सुमारे चार हजारांनी कमी पडतं. हे मी १३,००० धरून सांगतोय, तुमच्या श्रेणीचा खरा आकडा घातला की फरक थोडा इकडेतिकडे होईल.

मग दिलेले ९,००० बोनसमधून वजा होतील का? इथे मी ठाम उत्तर देणार नाही, कारण ते कागदांवर अवलंबून आहे. कायद्याने मालकाला दोन प्रकारच्या रकमा वळत्या करता येतात. एक म्हणजे सणाचा रूढ बोनस. कायद्यात पूजा बोनस असा शब्द आहे, तो बंगालकडून आला. दुसरी म्हणजे मुदतीआधी उचल म्हणून दिलेला बोनसचाच भाग. ९,००० यातल्या एखाद्या चौकटीत बसत असतील, तर तुमचं येणं ३,९९५ राहील. पण ऑफिस म्हणतं की तुला बोनस लागूच नाही आणि हे खुशीचं आहे. एकदा असं म्हटल्यावर, तोच पैसा बोनसची उचल होता असं नंतर सांगणं त्यांना जड जाईल. तसं झालं, तर १२,९९५ पूर्ण येणं राहतं. माझ्या अनुभवात श्रम कार्यालयात अशी प्रकरणं बहुधा वळतं करूनच मिटतात, आणि साठ माणसांच्या कारखान्यात रोज एकमेकांची तोंडं बघायची असताना तो मार्ग वाईट नाही. पण मागणी मांडताना आपण होऊन वजाबाकी करून देऊ नका.

तुमच्या मित्राचा मुद्दा मला तुमच्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण सोडून गेलेला माणूस विचारायलाच येत नाही. तो ऑगस्ट २०२५ मध्ये गेला. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ हे पूर्ण वर्ष त्याने काम केलं. त्या वर्षाचा बोनस त्याने कमावलेला आहे, फक्त वाटपाच्या दिवशी तो हजर नव्हता. तो बोनस त्याला मिळायलाच हवा. शिवाय एप्रिल ते ऑगस्ट २०२५ चे पाच महिने २०२५-२६ च्या हिशेबात येतील. तीस दिवसांची अट त्याने तिथेही ओलांडली आहे, म्हणून त्या महिन्यांच्या वेतनावरही त्याला पुढच्या वाटपात बोनस येईल. एक्स ग्रेशियाचं मात्र वेगळं. 'वाटपाच्या दिवशी हजेरीपटावर असेल त्यालाच' अशी अट कंपनी घालू शकते, आणि ती बहुधा टिकते. दोन पैशांमधला फरक मला कुणी एका वाक्यात विचारला, तर मी हेच सांगतो की सोडून गेलेल्यालाही जो मिळतो, तो बोनस.

एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या कंपनीत ती कुणाच्या तरी मनात असेलच. वर्षानुवर्षं मिळालेलं एक्स ग्रेशिया कंपनी एकदम बंद करू शकते का? बहुतेक वेळा करू शकते, पण नेहमी नाही. सणाची रक्कम रूढी झाली आहे का, हे पाहायला सर्वोच्च न्यायालयाने १९५९ पासूनच काही कसोट्या घातल्या आहेत. ती खंड न पडता पुरेशी लांब वर्षं दिली गेली का, तोट्याच्या वर्षीही दिली का, आणि दर साधारण एकच राहिला का. १९७६ मध्ये मुंबई कामगार सभेच्या खटल्यात न्यायालयाने असंही स्पष्ट केलं की बोनस कायदा आला म्हणून असा रूढ बोनस मागायचा मार्ग बंद होत नाही. तुम्हाला गेल्या सात वर्षांत किती किती मिळाले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. रक्कम कधी पाच, कधी बारा, एका वर्षी काहीच नाही, अशी असेल तर रूढी सिद्ध होणं अवघड. दर दिवाळीला तंतोतंत एक बेसिक मिळत आली असेल, मंदीच्या वर्षीही, तर गोष्ट वेगळी. म्हणून सावध कंपन्या दरवर्षीच्या पत्रात लिहितात की ही रक्कम या वर्षापुरती आहे आणि यातून पुढचा हक्क निर्माण होत नाही. तसं पत्र दरवर्षी घेतलं असेल, तर रूढीचा दावा बराच कमजोर होतो. जुनी पत्रं आणि बँकेची पासबुकं सांभाळून ठेवा.

कायद्यात बदल झाला आहे, तेही सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झाली आणि बोनसची कलमं आता तिच्यात आहेत. ८.३३ टक्के, तीस दिवस, आठ महिने, हे तसंच आहे. वेतनाची मर्यादा मात्र आता सरकारच्या अधिसूचनेतून ठरते, म्हणून पुढच्या वर्षीचा हिशेब करताना तेव्हा लागू असलेला आकडा बघायचा. 'वेतन' शब्दाची व्याख्याही रुंद झाली आहे. घरभाडं आणि प्रवासभत्ता बाहेर आहेत, पण तुमचा ३,००० चा स्पेशल अलाउन्स वेतनात धरला जाईल. म्हणजे तुमचं वेतन १४,५०० ऐवजी १७,५०० होईल. तरीही ते २१,००० च्या आतच आहे. ज्यांचं बेसिक आज अठरा-एकोणीस हजार आहे आणि वर मोठा स्पेशल अलाउन्स आहे, त्यांनी मात्र आपली पगारपावती नीट बघावी, कारण ते मर्यादेच्या काठावर येतात.

आता करायचं काय. आधी २०२४-२५ च्या बाराही महिन्यांच्या पगारपावत्या एकत्र करा. मग श्रम खात्याच्या दरपत्रकातून तुमच्या उद्योगाचं आणि तुमच्या श्रेणीचं त्या वर्षाचं किमान वेतन काढा. कुशल, अर्धकुशल की अकुशल, हे नेमणूकपत्रात बघा. त्यानंतर ऑफिसला साधं पत्र द्या. भांडणाची भाषा नको. एवढंच विचारा की २०२४-२५ साठी माझा बोनस कोणत्या वेतनावर आणि किती टक्क्यांनी काढला, ते लेखी कळवावं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बऱ्याचदा हा प्रश्न लेखी गेला की अकाउंट्सवाला स्वतःच कलम उघडून बघतो आणि फरक पुढच्या पगारात येतो.

बोनसच्या नोंदीसाठी फॉर्म सी नावाचं रजिस्टर असतं. कामाचे दिवस, वर्षाचं वेतन, देय बोनस, वळती केलेली रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम असे रकाने त्यात असतात, आणि शेवटी तुमची सही. पाकीट घेताना तुम्ही कशावर सही केलीत, ते आठवून बघा. ती फॉर्म सीवर असेल आणि तिथे ९,००० बोनसच्या रकान्यात लिहिलेले असतील, तर ऑफिसचं 'तुला बोनस लागू नाही' हे म्हणणं त्यांच्याच रजिस्टरने खोटं पडतं. ती नुसत्या व्हाउचरवर असेल, तर त्या रजिस्टरमध्ये तुमच्या नावासमोर काय लिहिलंय ते विचारा. पुढच्या वर्षी सही करण्याआधी रकाने वाचा, आणि रक्कम कमी वाटली तर सहीशेजारी 'हक्क राखून स्वीकारले' एवढं लिहा.

पत्राला पंधरा-वीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर बडोद्याच्या श्रम आयुक्त कार्यालयात तक्रार द्या. पगारपावत्या, पाकिटाचा फोटो, पत्राची पोच आणि तुमचा हिशेब, एवढं जोडलं की पुरे. एकट्याने जाण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून जा, आणि मित्रालाही बरोबर घ्या. तो आता तिथे नोकरीला नाही, त्यामुळे त्याला बोलताना संकोच कमी असतो. नव्या संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण तेवढं थांबू नका.

तुमच्या श्रेणीचा किमान वेतनाचा आकडा सापडला की इथेच लिहा, दोन्ही सहामाह्यांचा हिशेब करून देतो. मित्राने कोणत्या तारखेपर्यंत काम केलं, तेही कळवा.